शॉर्ट एक्स्पायरीचा माल : कमी भाव आणि बंद परतावा

एक्स्पायरीला थोडे दिवस उरलेल्या मालाला घाऊक बाजारात ‘शॉर्ट एक्स्पायरीचा’ किंवा ‘शॉर्ट डेटचा’ माल म्हणतात. हा माल खराब झालेला नसतो. पाकीट फोडले तर चव आणि कुरकुरीतपणा तसाच असतो, वजन भरते, छापील तारीख अजून पुढे असते. कमी झालेले असतात ते फक्त दिवस. उत्पादकाकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून किराणा दुकानात आणि दुकानातून घरात, एवढा प्रवास त्या उरलेल्या दिवसांत व्हायचा असतो. तो पुरा झाला नाही तर माल जिथे अडकला असेल तिथल्या माणसाचे पैसे बुडतात. म्हणून उत्पादक भाव उतरवतो आणि सोबत सांगतो की हा माल परत घेतला जाणार नाही. या दोन गोष्टी मिळून एकच सौदा होतो : बुडण्याचा धोका व्यापाऱ्याने उचलायचा आणि त्याचा मोबदला त्याला भावातच मिळायचा.

खाद्यपदार्थांच्या नेहमीच्या व्यापारात रीत नेमकी उलट असते. तारीख उलटलेली पाकिटे दुकानदार बाजूला काढून ठेवतो, एजन्सीचा माणूस ती मोजून नेतो आणि पुढच्या बिलात वळते करतो किंवा ताजा माल बदलून देतो. बहुतेक ठिकाणी हे कुठे लिहिलेले नसते, पण सगळे जण तसेच वागतात. इथे कायद्याची बाजू पाहावी लागते. वस्तुविक्री कायदा, 1930 च्या कलम 62 नुसार विक्रीतील गृहीत हक्क आणि जबाबदाऱ्या स्पष्ट कराराने बदलता येतात. दोघांच्या आजवरच्या व्यवहाराच्या रीतीने किंवा बाजाराच्या प्रथेनेही बदलतात. ज्या व्यापाऱ्याकडून चार वर्षे एक्स्पायरी परत घेतली, त्याला पाचव्या वर्षी स्वस्तात माल देताना परताव्याबद्दल चकार शब्द काढला नाही, तर त्याने जुनी रीतच गृहीत धरणे साहजिक आहे. वाद झाला तर मौन उत्पादकाच्या बाजूने बोलत नाही. ‘एवढ्या कमी भावात दिला म्हणजे परत घेणार नाही हे समजायला हवे होते’ हा युक्तिवाद दुकानात चालत नाही आणि कोर्टात तर त्याहून कमी.

तारखेचा अर्थही आधी स्पष्ट हवा. पूर्वी अनेक पाकिटांवर ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ एवढेच छापलेले असे आणि त्यानंतर माल विकावा की नाही यावर दुकानदार आपापल्या परीने अर्थ लावत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनी एक्स्पायरी किंवा ‘यूज बाय’ तारीख सक्तीची केली आणि ‘बेस्ट बिफोर’ ही जादाची, ऐच्छिक माहिती ठरवली. अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 27 नुसार एक्स्पायरीनंतर माल पुरवला तर घाऊक व्यापारी आणि वितरक जबाबदार, दुकानात विकला गेला तर विक्रेताही जबाबदार. म्हणजे शॉर्ट डेटच्या मालाला उतरत्या भावाची शेपटी नसते. शेवटच्या दिवशी त्याला काहीतरी किंमत असते आणि दुसऱ्या दिवशी विकण्याची वस्तू म्हणून ती शून्य होते.

हे सगळे एका उदाहरणावर तपासता येईल. पाकीटबंद चिवडा करणारा एक मध्यम उत्पादक धरू. दिवाळीसाठी त्याने मोठा माल काढला, पण एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर अर्ध्यावर आणली. 21 नोव्हेंबरला गोदामात 300 पेट्या उरल्या आहेत. एका पेटीत 200 ग्रॅमची 30 पाकिटे आणि मालाचे आयुष्य पॅकिंगपासून 120 दिवस. यातल्या 180 पेट्या 10 सप्टेंबरच्या बॅचच्या, एक्स्पायरी 8 जानेवारी, म्हणजे 48 दिवस शिल्लक. उरलेल्या 120 पेट्या 28 सप्टेंबरच्या, एक्स्पायरी 26 जानेवारी, 66 दिवस शिल्लक. घाऊक व्यापाऱ्याला नेहमीचा भाव कर सोडून पाकिटाला 36 रुपये. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण हिशेबाची पद्धत खरी आहे.

उत्पादकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो किती टक्के सूट द्यावी हा. व्यापारी मात्र आधी दिवस मोजतो. 48 दिवसांतले तीन दिवस बिल, टेम्पो आणि उतराईत जातात. किराणा दुकानदार फळीवर ठेवायला निदान वीस दिवस मागतो. त्याहून कमी तारखेचा माल तो उचलत नाही, आणि उचललाच तर दोन-चार पाकिटे. व्यापाऱ्याच्या हातात उरतात 25 दिवस, म्हणजे साडेतीन आठवडे. त्याच्याकडून हा चिवडा एरवी आठवड्याला 25 पेट्या जात असेल, तर या अवधीत 87-88 पेट्या जातील. भाव उतरवल्यावर खप आठवड्याला 40 पेट्यांवर गेला असे धरले, तरी 140 पेट्या होतात. 180 पेट्या या एका व्यापाऱ्याकडे खपणाऱ्या नाहीत, मग भाव कितीही पाडा. अशा सौद्यात जे बिघडते ते बहुधा इथेच बिघडते. गोदाम एकदम मोकळे व्हावे म्हणून उत्पादक सगळा लॉट एकाच्या गळ्यात मारतो. भाव पाहून व्यापारीही मोहात पडतो. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चाळीस-पन्नास पेट्यांवरून फोन सुरू होतात. करार कितीही स्पष्ट असला तरी ज्या व्यापाऱ्याचे हात भाजले, तो पुढच्या हंगामात दुसऱ्याचा चिवडा ठेवतो. म्हणून जुन्या बॅचच्या 120 पेट्याच या व्यापाऱ्याला द्याव्यात आणि उरलेल्या 60 दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याला.

आता भाव. पाकीट बनवायला 26 रुपये लागले असतील, तर त्याखाली विकणे जिवावर येते. पण ते 26 रुपये खर्च होऊन गेले आहेत. विकले नाही म्हणून ते परत येणार नाहीत. तुलना करायची ती माल न विकला तर काय होईल याच्याशी. न विकलेला माल नष्ट करायचा तर वाहतूक आणि मजुरी आहे. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(ह) नुसार नष्ट केलेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावरचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. तेल, मसाला, पाकिटाची फिल्म यांवर घेतलेले क्रेडिट उलटवावे लागते. पाकिटामागे दीड रुपया क्रेडिटचा आणि अर्धा रुपया विल्हेवाटीचा धरला, तर पडून राहिलेले पाकीट शून्य रुपयांचे नसून उणे दोन रुपयांचे आहे. उलट ते कमी भावात विकले, अगदी तोट्यात विकले, तरी ती विक्रीच असते आणि क्रेडिट शाबूत राहते. सूट बिलावर स्वतंत्र दाखवली की कर उतरलेल्या भावावरच लागतो. त्यासाठी नंतर क्रेडिट नोटची उठाठेव करावी लागत नाही.

मग पाच रुपयांनाही देऊन टाकावे का? तसे होत नाही, कारण स्वस्त माल बाजारात गेला की ताज्या मालाची जागा खातो. शेजारच्या पेठेतला नेहमीचा वितरक 36 ने घेतोय आणि त्याच गल्लीत दुसरा 12 ने घेऊन 18 ने विकतोय असे झाले, तर महिनाभर ताज्या मालाच्या ऑर्डरी थांबतात. भावाची खालची मर्यादा या नुकसानीवरून ठरते. त्यामुळे शॉर्ट डेटचा माल द्यायचा तर जिथे आपला रोजचा वितरक नाही अशा भागात, आठवडी बाजारांना पुरवठा करणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा कॅन्टीनवाल्याला द्यावा.

उदाहरणातल्या उत्पादकाने जुन्या बॅचला 20 रुपये आणि नव्याला 26 रुपये असा भाव काढला. जुन्या बॅचवर सुमारे 44 टक्के सूट झाली, नव्यावर 28 टक्के. दोन बॅचना एकच सरासरी भाव लावणे सोपे वाटते, पण मग व्यापारी 66 दिवसांच्या पेट्या आधी उचलतो आणि 48 दिवसांच्या ‘पुढच्या फेरीला’ म्हणून ठेवतो. पहिल्या व्यापाऱ्याच्या 120 जुन्या पेट्यांचे 3,600 पाकिटांना 72,000 रुपये, 120 नव्या पेट्यांचे 93,600 रुपये; दोन्ही मिळून 1,65,600 आणि त्यावर 5 टक्के जीएसटी 8,280. एकूण बिल 1,73,880 रुपये. हाच निर्णय पंधरा दिवस आधी, 6 नोव्हेंबरला घेतला असता तर जुन्या बॅचला तेव्हा 63 दिवस शिल्लक होते आणि तिलाही 26 च्या आसपास भाव मिळाला असता. 180 पेट्यांच्या 5,400 पाकिटांवर सहा-सहा रुपये, म्हणजे 32,400 रुपये, ‘अजून आठवडाभर बघू’ म्हणण्यात गेले. गोदामाच्या वहीत दर सोमवारी ‘उरलेले दिवस’ असा एक रकाना भरला जात असता, तर हे आधीच दिसले असते.

भाव कळवण्याआधी माल उघडून पाहावा लागतो. छापील तारीख खरी असते ती माल नीट साठवला असेल तर. पत्र्याच्या शेडमध्ये ऑक्टोबरच्या उकाड्यात भिंतीला लागून ठेवलेल्या पेट्यांतला तळलेला पदार्थ तारखेच्या कितीतरी आधी खवट होऊ शकतो. प्रत्येक बॅचच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांतून काही पेट्या काढून पाकिटे दाबून पाहतात. नायट्रोजन भरलेले पाकीट फुगीर असते; ते मऊ पडले असेल तर सील सुटले आहे, आत हवा गेली आहे. मग थोडी पाकिटे फोडून वास घ्यायचा, शेंगदाणा चावून पाहायचा. खवटपणा पोह्यांच्या आधी शेंगदाण्यात कळतो. पेटीवरची बॅच आणि आतल्या पाकिटांवरची बॅच जुळते का हेही पाहावे लागते, कारण मोडलेल्या पेट्यांतली सुटी पाकिटे पुन्हा भरताना दोन बॅचची सरमिसळ झालेली असते. अशी सरमिसळीची पेटी तिच्यातल्या सर्वांत जुन्या तारखेची धरायची. ज्या बॅचमध्ये खवट पाकीट सापडले ती बॅच विकायची नसते. कमी भाव हा खराब मालाचा भाव नव्हे.

देऊ केलेला भाव लेखी जावा. फोनवर बोलणे झाले तरी त्यानंतर एक कागद किंवा व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवावा आणि व्यापाऱ्याचे ‘मान्य’ असे उत्तर आल्याशिवाय माल भरू नये. मजकूर साधारण असा असतो :

‘चिवडा 200 ग्रॅम, पेटीत 30 पाकिटे. बॅच 1 : पॅकिंग 10 सप्टेंबर, एक्स्पायरी 8 जानेवारी, 120 पेट्या, दर पाकिटाला रु. 20. बॅच 2 : पॅकिंग 28 सप्टेंबर, एक्स्पायरी 26 जानेवारी, 120 पेट्या, दर रु. 26. जीएसटी वेगळा, टेम्पो भाडे आमचे. हे दर एक्स्पायरी जवळ असल्यामुळे उतरवलेले आहेत. हा माल कोणत्याही कारणाने शिल्लक राहिल्यास किंवा एक्स्पायर झाल्यास परत घेतला जाणार नाही, बदलून दिला जाणार नाही आणि त्यापोटी क्लेम किंवा डेबिट नोट मान्य होणार नाही. फुटलेला, कमी आलेला किंवा वर लिहिलेल्या बॅचपेक्षा वेगळा माल आल्यास उतरून घेतल्यापासून 48 तासांत फोटोसह कळवावे. तेवढ्याची रक्कम वजा केली जाईल. सील सदोष असल्यामुळे एक्स्पायरीआधी खराब निघालेल्या मालाची जबाबदारी आमची राहील. पूर्ण रक्कम माल भरण्याआधी. दर 24 नोव्हेंबरपर्यंत लागू, माल 26 नोव्हेंबरपर्यंत पोहोच.’

यातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी जुन्या भांडणातून आलेली असते. परतावा बंद आहे एवढे लिहून भागत नाही, कारण परतावा मागच्या दाराने येतो. व्यापारी माल परत पाठवत नाही, डेबिट नोट पाठवतो. किंवा पुढच्या नेहमीच्या एक्स्पायरी क्लेममध्ये ही पाकिटे मिसळतो. एजन्सीचा माणूस पाकिटे मोजतो, बॅच वाचत नाही, आणि 20 रुपयांना दिलेले पाकीट 36 रुपयांना परत घेतले जाते. यावर उपाय बॅच क्रमांकाचाच आहे. बिलावर बॅच आणि एक्स्पायरी लिहायची, ‘विशेष दर, परतावा नाही’ असा शेरा छापायचा आणि क्लेम पाहणाऱ्या माणसाला या दोन बॅचची यादी द्यायची. एका बॅचचा काही माल आधी पूर्ण भावात विकला गेला असेल तर मात्र हे पुरत नाही. अशा वेळी विशेष दराच्या पेट्यांवर आणि आतल्या पाकिटांवर एक खूण लावतात, पण तीही छापील तारीख आणि किंमत न झाकता.

पैसे आधी घेण्याची अट दिसायला कडक आहे, पण सगळ्या कागदाचा जीव तिच्यातच असतो. बिनपरतीचा माल उधारीवर दिला तर तो प्रत्यक्षात परतीचाच होतो. 45 दिवसांच्या उधारीत पैसे देण्याची तारीख आणि एक्स्पायरी जवळपास एकाच आठवड्यात येते. व्यापारी उरलेल्या पेट्या मोजतो आणि तेवढी रक्कम कापून बाकीचे पाठवतो. नऊ-दहा हजारांसाठी कोणी दावा लावत नाही. रोखीसाठी आणखी एखाद-दुसरा रुपया सोडावा लागला तरी तो सोडणे स्वस्त पडते.

बिनपरतीच्या अटीला मर्यादा आहेत आणि त्या उत्पादकाने स्वतःच लिहून द्याव्यात. व्यापारी दिवसांचा धोका विकत घेतो, दोषाचा नाही. सील सुटलेले, वजनात कमी किंवा खवट निघालेले पाकीट ‘माल परत नाही’ या वाक्याआड लपवता येत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालची उत्पादकाची जबाबदारी आपसातल्या कराराने पुसली जात नाही. त्या कायद्याच्या कलम 26 नुसार तर खाद्यपदार्थाचे बिल हेच मालाच्या दर्जाची लेखी हमी मानले जाते. माल तपासण्याची मुदतही याच कारणासाठी लिहायची. वस्तुविक्री कायद्याप्रमाणे खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी मिळावी लागते आणि वाजवी काळात नकार कळवला नाही तर माल स्वीकारला असे धरतात. ‘वाजवी’ म्हणजे किती, यावर 48 दिवसांच्या मालात दहा दिवस वाद घालणे कोणालाच परवडत नाही. 48 तास असे लिहिले की तो प्रश्न उरत नाही.

पोहोच-तारीखही याच कुळातली. दर ठरला तो 26 नोव्हेंबरला 43 दिवस शिल्लक असलेल्या जुन्या बॅचचा आणि 61 दिवस शिल्लक असलेल्या नव्या बॅचचा. टेम्पो मिळाला नाही म्हणून माल 3 डिसेंबरला पोहोचला, तर व्यापाऱ्याच्या विक्रीच्या दिवसांतला आठवडा गेला आणि त्याने दर उतरवून मागितला तर तो चुकत नाही. काही जण आधीच लिहून ठेवतात की उत्पादकाकडून उशीर झाल्यास दिवसाला पाकिटामागे इतके पैसे कमी, आणि व्यापाऱ्याने उचलायला उशीर केल्यास दर तोच.

व्यापाऱ्याला माल पुढे कसा विकायचा हेही माहीत असावे लागते. ज्याला परतावा नाही, त्यानेही दुकानदारांना परताव्याशिवायच विकायचे असते, आणि तसे त्याच्या बिलावर आले पाहिजे. नाहीतर दोन बाजूंच्या मधली झळ त्याला एकट्याला बसते. ग्राहकाला कमी किमतीत देण्यासाठी दुकानदार छापील किमतीखाली विकू शकतो, त्यात अडचण नाही. पाकिटावर कमी किमतीचा स्टिकर लावायचा असेल तर पाकीटबंद वस्तूंच्या वजनमापे नियमांत तशी मुभा आहे, मात्र मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. ऑनलाइन किराण्याला हा माल जात नाही. तिथे ग्राहकाच्या हातात माल पडताना त्याचे किमान 30 टक्के आयुष्य किंवा 45 दिवस शिल्लक असावेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितले. त्यामुळे जुन्या बॅचसारखा माल त्या गोदामांच्या दारातूनच परत फिरतो.

या सगळ्यात एक धोका वेगळ्या जातीचा आहे. शिल्लक माल परत करता येत नाही आणि एक्स्पायरी उद्यावर आली की थिनरने तारीख पुसून नवी छापण्याचा मोह काहींना होतो. तसे करणे बेकायदेशीर आहेच, पण पाकिटावर नाव उत्पादकाचे असते आणि तपासणीची पहिली नोटीस त्याच्याकडे येते. म्हणून अनेक उत्पादक कागदावर शेवटची ओळ घालतात : एक्स्पायरीच्या दिवशी शिल्लक राहिलेल्या पाकिटांची संख्या कळवावी आणि ती फोडून, फिल्म कापून नष्ट करावीत, पुराव्यासाठी फोटो पाठवावा. काही जण त्या फोटोच्या बदल्यात पुढच्या ताज्या ऑर्डरवर पाकिटामागे रुपया-दोन रुपये देतात. हा परतावा नव्हे, नष्ट करण्याचा खर्च आहे, आणि तसाच तो हिशेबात लिहितात. उदाहरणातल्या व्यापाऱ्याकडे 8 जानेवारीच्या संध्याकाळी जुन्या बॅचच्या चार पेट्या उरल्या तर ती 120 पाकिटे होतात. पाकिटाला दोन रुपये दिले तरी उत्पादकाचे 240 रुपये जातात.